रेड-संचातील डिस्कची पुनर्बांधणी : तिची जोखीम आणि 'हॉट स्पेअर'चे कार्य

संगणकाच्या डिस्कवर साठविलेली माहिती हल्ली बहुतेक संस्थांमध्ये एका डिस्कवर नसते. ती अनेक डिस्कच्या संचावर विभागून ठेवलेली असते. अशा संचाला 'रेड' असे म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रॅन्डी कॅट्झ या बर्कली विद्यापीठातील तिघांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून हे नाव रूढ झाले. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त अशा अनेक लहान डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि त्यांपैकी एखादी निकामी झाली तरी माहिती नष्ट होऊ नये अशी सोय करावी, ही त्यांची मूळ मांडणी होती. ही सोय खरी आहे, आणि दररोज हजारो ठिकाणी ती आपले काम चोख बजावते. परंतु एक डिस्क गेल्यानंतर संच पुन्हा पूर्ववत होईपर्यंतचा जो काळ असतो, तो या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक काळ होय. त्या काळात नेमके काय घडते, ते जवळून पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. त्या अनुभवाच्या आधारेच प्रस्तुत लेखात हा विषय मांडीत आहे.

एका ग्रंथसंग्रहाच्या संगणक-कक्षाचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. जुनी हस्तलिखित पत्रे, वह्या आणि नियतकालिके यांची पानोपानी छायाचित्रे घेऊन ती आठ डिस्कच्या एका पेटीत साठविलेली होती. प्रत्येक डिस्क आठ टेराबाइटची. आठांपैकी सात डिस्कइतकी जागा माहितीसाठी आणि एका डिस्कइतकी जागा संरक्षणासाठी, अशी ही रचना होती. या रचनेला 'रेड पाच' म्हणतात. एकूण छप्पन्न टेराबाइट जागा आम्हांला मिळत होती आणि ती जवळजवळ भरलेली होती.

या संरक्षणाचे गणित अगदी साधे आहे. चार कागदांवर १२, ७, २५ आणि ९ असे आकडे लिहिलेले आहेत आणि पाचव्या कागदावर त्यांची बेरीज ५३ लिहून ठेवली आहे, अशी कल्पना करा. तिसरा कागद हरवला तर काय करावे? उरलेले तीन आकडे मिळवावेत, बेरीज २८ येते, ती ५३ मधून वजा करावी, आणि हरवलेला आकडा २५ हातात येतो. संगणक बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवतो आणि या हिशेबाला 'पॅरिटी' म्हणतात; तत्त्व मात्र हेच. प्रत्यक्षात पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर आळीपाळीने पसरून ठेवतात, पण त्याने आपल्या विवेचनात फरक पडत नाही.

या उदाहरणातील एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. हरवलेला एक आकडा काढण्यासाठी उरलेले *सर्व* आकडे वाचावे लागतात, आणि त्यांपैकी एकही पुसट होऊन चालत नाही. पाचव्या कागदावरील ५३ आहे, १२ आणि ७ आहेत, परंतु ९ च्या जागी शाईचा डाग पडला आहे, तर तिसऱ्या कागदावरील २५ कायमचा गेला, आणि त्याबरोबर तो ९ ही गेला. सर्व कागद जागेवर होते तेव्हा तो डाग पडलेला असता तरी काही बिघडले नसते. बेरजेवरून ९ काढता आला असता. धोका डागाचा नाही. एक कागद आधीच हरवलेला असताना डाग सापडण्याचा आहे.

आता आमच्या पेटीकडे वळू. आठांपैकी एक डिस्क गेली की तिच्या जागी नवी डिस्क बसवायची आणि उरलेल्या सात डिस्कवरील माहितीवरून तिच्यावरची माहिती नव्याने लिहायची, ही झाली पुनर्बांधणी. त्यासाठी सातही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सात गुणिले आठ म्हणजे छप्पन्न टेराबाइट. वर्षानुवर्षे कोणी उघडून न पाहिलेली पानेसुद्धा या एका फेरीत वाचली जातात, आणि प्रत्येक पान वाचता आलेच पाहिजे अशी अट असते.

डिस्क तयार करणारे तिच्या माहितीपत्रकात एक आकडा छापतात. घरगुती वापराच्या डिस्कसाठी तो सामान्यतः असा असतो की, दर एकावर चौदा शून्ये इतकी बिट वाचल्यावर एकाहून अधिक वेळा वाचन अपुरे राहणार नाही. एवढ्या बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. छप्पन्न टेराबाइट वाचायचे तर या हिशेबाने सरासरी चार ते पाच ठिकाणी अडथळा यावा, आणि एकही अडथळा न येता पुनर्बांधणी पार पडण्याची शक्यता शेकडा एकच्या आसपास उरावी! मोठ्या संस्थांसाठी बनविलेल्या डिस्कवर हा आकडा दहापट चांगला असतो; त्या घेतल्या तरी शंभरपैकी सुमारे छत्तीस वेळा कोठे तरी अडथळा यावा असे गणित सांगते.

या गणितावरून 'रेड पाच संपले' अशी घोषणा करणारे लेखन पुष्कळ झाले आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, सरासरी नव्हे. चांगल्या स्थितीतील डिस्क प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ बरे वागतात, आणि छप्पन्न टेराबाइटच्या पुनर्बांधण्या सुखरूप झालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. शिवाय न वाचता येणाऱ्या जागा सर्व डिस्कवर सारख्या शिंपडलेल्या नसतात. बहुतेक डिस्कवर एकही नसते. आणि एखादीवर असली की तेथे एकीच्या शेजारी दुसरी अशा अनेक सापडतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाखांहून अधिक डिस्कची बत्तीस महिन्यांची नोंद तपासली होती. त्यांपैकी ३.४५ टक्के डिस्कवर अशा सुप्त, म्हणजे कोणी वाचायला जाईपर्यंत उघडकीस न येणाऱ्या, खराब जागा आढळल्या. आठ डिस्कच्या संचात त्यांपैकी एखादी असणे ही काही दुर्मिळ गोष्ट म्हणता येणार नाही.

आमच्या संचात ती होती. मात्र ते आम्हांला ठाऊक नव्हते.

एका शुक्रवारी सायंकाळी साडेसात वाजता तिसऱ्या खणातील डिस्क फिरायची थांबली. पेटीने एक लाल दिवा लावला आणि बारीक आवाजात भोंगा वाजवू लागली. तो ऐकायला तेथे कोणी नव्हते. पेटीकडून निघणारा इशाऱ्याचा ई-मेल आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात होता, हे पुढे कळले. सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता मी खोलीत शिरलो तेव्हा बासष्ट तास उलटून गेले होते. या बासष्ट तासांत संच चालूच होता, सर्व पाने दिसत होती, परंतु त्याच्यामागे कोणतेही संरक्षण उरले नव्हते. सुटी डिस्क आमच्याकडे होती. ती कपाटात, कुलपात होती, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते अकरा वाजता आले.

'हॉट स्पेअर' नेमके येथे उपयोगी पडते. गाडीची स्टेपनी आपण डिकीत ठेवतो आणि चाक पंक्चर झाल्यावर उतरून बदलतो. आमची कपाटातली डिस्क ही अशी स्टेपनी होती. हॉट स्पेअर म्हणजे पेटीच्याच एका खणात बसवलेली, वीज मिळत असलेली, पण एरवी कोणतेही काम न करणारी डिस्क. संचातील एखादी डिस्क बाद झाली की मनुष्याची वाट न पाहता संच स्वतःच तिला कामात घेतो आणि पुनर्बांधणी सुरू करतो. लिनक्सवर चालणाऱ्या संचात पूर्ण आठ डिस्क जागेवर असताना नववी जोडली की ती आपोआप अशी राखीव बनते :

```
mdadm /dev/md0 --add /dev/sdi1
cat /proc/mdstat
```

दुसऱ्या आज्ञेने संचाची स्थिती दिसते. राखीव डिस्कच्या नावापुढे `(S)` आणि बाद डिस्कच्या नावापुढे `(F)` अशी खूण असते. आठांपैकी सातच डिस्क कामात असतील तर `[8/7] [UU_UUUUU]` असे दिसते; मधली रेघ हा गेलेल्या डिस्कचा रिकामा खण होय. पुनर्बांधणी चालू असेल तर तिची प्रगतीही खाली येते :

```
[==>..................]  recovery = 12.6% (984544256/7813893120)
                         finish=940.6min speed=121000K/sec
```

हे शेवटचे आकडे वाचण्यासारखे असतात. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइट या गतीने पूर्ण लिहायची म्हटली तरी बारा तासांहून अधिक वेळ लागतो. यापेक्षा लवकर ते होऊच शकत नाही, कारण सर्व लेखन एकाच डिस्कवर होत असते. त्यात वाचकांची ये-जा चालू असेल तर संचाला दोन्ही कामे वाटून घ्यावी लागतात. गती सेकंदाला ४० मेगाबाइटवर आली की तेच काम पंचावन्न तासांवर जाते. डिस्कची क्षमता गेल्या तीन दशकांत हजारो पटींनी वाढली. वाचण्या-लिहिण्याची गती मात्र काही दहा पटींनीच. एके काळी काही मिनिटांत आटोपणारी पुनर्बांधणी आज दिवसांवर गेली, याचे मूळ या तफावतीत आहे.

म्हणून आमच्याकडे हॉट स्पेअर असते तर पुनर्बांधणी शुक्रवारी सायंकाळीच सुरू झाली असती. शनिवार-रविवारी संग्रह बंद असल्याने ती पूर्ण गतीने चालली असती आणि बहुधा शनिवारी सकाळी संपली असती. प्रत्यक्षात ती सोमवारी अकराला, ऐन कामाच्या वेळी सुरू झाली. असुरक्षित काळ बारा-चौदा तासांऐवजी चार दिवसांहून अधिक होणार होता. दुसरी डिस्क त्याच दिवसांत निव्वळ योगायोगाने जाण्याची शक्यता कागदावर फार कमी दिसते. पण संचातल्या डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात, तीच उष्णता आणि तेच विजेचे झटके त्यांनी सोसलेले असतात. एक दमली असेल तर तिच्या बहिणीही दमलेल्या असण्याचा संभव असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यांना सलग दोन दिवस राबवतो.

मंगळवारी दुपारी सुमारे सत्तर टक्के काम झाले असताना सहाव्या डिस्कवरील एक जागा वाचता येईना. ही घरगुती प्रतीची डिस्क होती. अशी डिस्क खराब जागा भेटली की ती वाचण्यासाठी मिनिटभर किंवा अधिक वेळ एकटीच धडपडत राहते आणि तेवढा वेळ कोणालाच उत्तर देत नाही. संचासाठी बनविलेल्या डिस्क काही सेकंदांतच प्रयत्न सोडून 'ही जागा वाचता येत नाही' असे सांगून मोकळ्या होतात. आमच्या पेटीने वाट पाहिली, आणि उत्तर येत नाही म्हणून ती डिस्क मेली असे ठरवून तिलाही बाद केले. आठांपैकी दोन गेल्या. संच थांबला. सुमारे दोन लाख पानांची छायाचित्रे एका क्षणात दिसेनाशी झाली, आणि मूळ कागदांपैकी काही तर त्यांच्या मालकांना परत गेलेले होते.

येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण हॉट स्पेअरची जाहिरात करणारे ती सांगत नाहीत. ती खराब जागा सोमवारी तयार झाली नव्हती. फार आधीपासून ती तेथे असावी. हॉट स्पेअर असते तरी पुनर्बांधणी त्याच जागेपाशी अडखळली असती. फक्त मंगळवार दुपारऐवजी शनिवारी पहाटे. हॉट स्पेअर असुरक्षित काळ कमी करते. आधीच पडलेला डाग ते पुसू शकत नाही.

तो डाग शोधण्याचा उपाय वेगळा आहे आणि तो फुकट आहे. संच पूर्ण धडधाकट असतानाच सर्व डिस्क ठरावीक काळाने शेवटपर्यंत वाचून पाहायच्या. न वाचता येणारी जागा सापडली तर पॅरिटीवरून तिथली माहिती काढून ती पुन्हा लिहिली जाते, आणि डिस्क ती जागा बदलून राखीव जागा वापरते. लिनक्सवर हे एका ओळीने सुरू होते :

```
echo check > /sys/block/md0/md/sync_action
```

डेबियन वितरणात ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. आमच्या पेटीत ती सोय होती. तपासणीमुळे यंत्र संथ होते अशी तक्रार आल्याने कोणी तरी ती बंद करून ठेवली होती.

अशी तपासणी चालू असेल तर हॉट स्पेअरचे खरे मोल कळते. तपासणीत एखाद्या डिस्कवर खराब जागा वाढू लागल्याचे दिसले, तर ती मरण्याची वाट पाहायची नाही. ती अजून फिरत असतानाच राखीव डिस्क तिच्या जागी आणता येते :

```
mdadm /dev/md0 --replace /dev/sdc1 --with /dev/sdi1
```

या पद्धतीत जुनी डिस्क संचात राहूनच तिच्यावरील माहिती सरळ नव्या डिस्कवर उतरवली जाते. सातही सोबतिणी शेवटपर्यंत वाचण्याची गरज उरत नाही. फक्त जी जागा जुनीवरून वाचता येत नाही तेवढ्यापुरताच पॅरिटीचा आधार घेतला जातो. संरक्षण एक क्षणभरही जात नाही. माझ्या मते हॉट स्पेअरचा सर्वांत चांगला उपयोग हाच, आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

हॉट स्पेअरबाबत दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. ती डिस्क संचातील सर्वांत लहान डिस्कइतकी तरी मोठी असली पाहिजे. आठ टेराबाइट असे लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्क काही थोड्या अंशाने लहान-मोठ्या असू शकतात, आणि तेवढ्यावरून संच तिला नाकारतो. दुसरे असे की, ती एकदा कामात आली की संच पुन्हा राखीव डिस्कविना होतो, आणि सर्व दिवे हिरवे असल्याने हे कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून इशाऱ्याचा ई-मेल कोठे जातो हे वर्षातून एकदा तरी पाहावे. आणि बाद झालेली डिस्क काढताना खणाच्या क्रमांकावर विसंबू नये. डिस्कवर छापलेला अनुक्रमांक जुळवूनच ती ओढावी. एक डिस्क आधीच गेलेली असताना शेजारची चांगली डिस्क चुकून ओढली गेल्याने संच थांबल्याची उदाहरणे या व्यवसायात प्रत्येकाला माहीत आहेत.

आता खर्चाचा प्रश्न. आठ डिस्कचा रेड पाच संच आणि एक हॉट स्पेअर मिळून नऊ डिस्क होतात व छप्पन्न टेराबाइट जागा मिळते. त्याच नऊ डिस्कचा 'रेड सहा' संच केला तर त्यात दोन स्वतंत्र हिशेब ठेवले जातात, दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी माहिती शाबूत राहते, आणि जागा मिळते तीच, छप्पन्न टेराबाइट. फरक एवढाच की पहिल्या रचनेत नववी डिस्क रिकामी बसून वाट पाहते, तर दुसरीत ती पहिल्या दिवसापासून संरक्षणाला हातभार लावते. एक डिस्क गेल्यावर पुनर्बांधणीत खराब जागा भेटली तरी दुसरा हिशेब शिल्लक असतो. रेड सहामध्ये लेखन काहीसे संथ होते हे खरे; पण एकच पेटी असलेल्या संस्थेने रेड पाच आणि हॉट स्पेअर यांऐवजी रेड सहाच घ्यावे असे मी निःसंकोच सांगेन. एकाच ठिकाणी अनेक संच असतील तर एक हॉट स्पेअर त्या सर्वांसाठी सामाईक ठेवता येते, तेथे चित्र बदलते. तसेच यंत्र दूरच्या गावी असेल, आणि डिस्क बदलायला माणूस पोचण्यासच दोन दिवस लागत असतील, तर रेड सहाच्या जोडीला हॉट स्पेअरही हवेच. २०२१ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएसच्या २.१ या आवृत्तीत राखीव जागा एका डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर थोडी थोडी पसरवण्याची सोय झाली. तेथे सर्व डिस्क मिळून पुनर्बांधणीचे लेखन करतात, त्यामुळे एकाच डिस्कच्या गतीचे बंधन सुटते. मात्र ही रचना पुष्कळ डिस्क असलेल्या मोठ्या संचांसाठीच सोयीची आहे.

आमच्या संचाचे काय झाले? बाद ठरलेली सहावी डिस्क खरोखर मेलेली नव्हती. आम्ही काहीही पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळला, ती डिस्क बाहेर काढली आणि `ddrescue` या साधनाने तिची प्रत नव्या डिस्कवर घेतली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि मग अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळते. अडीच दिवसांनी अवघे चोवीस किलोबाइट वाचायचे राहिले. अर्धवट लिहिलेली नवी डिस्क बाजूला ठेवून, सहा चांगल्या डिस्क आणि ही प्रत अशा सात डिस्कवर संच `mdadm --assemble --force` या आज्ञेने उभा केला, पण केवळ वाचण्यापुरता. सर्व फाइली दुसऱ्या पेटीत उतरवल्या आणि प्रत्येक फाइलची पूर्वी नोंदवून ठेवलेली तपासखूण जुळवून पाहिली. पाच पाने बिघडलेली निघाली. त्यांपैकी चारांचे मूळ कागद संग्रहातच होते आणि त्यांची छायाचित्रे त्याच आठवड्यात पुन्हा घेतली. पाचवे पान एका वहीतले होते. ती वही तिच्या घरी परत गेली होती, आणि पुढच्याच पावसाळ्यात ती भिजली असे आम्हांला कळविण्यात आले.